ॲपल चढला, डाऊ पडला: स्प्लिटनंतर माझा हिशोब का जुळेना?

रेवा_म

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस एक खटाटोप चालू आहे. डाऊ जोन्स निर्देशांक स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये नव्याने बांधून बघतेय. कृती सोपी वाटली होती. तीस शेअरचे बंद भाव घ्यायचे, बेरीज करायची आणि भाजकाने भागायचं. २०२० च्या ऑगस्टमध्ये हा भाजक ०.१४५८ होता. महिनाभराचे भाव टाकले आणि प्रत्येक दिवसाचं उत्तर प्रसिद्ध आकड्याशी जुळत गेलं. शुक्रवार, २८ ऑगस्टला बेरीज आली साधारण ४,१७७.७ डॉलर. भागल्यावर २८,६५४. मी खूश.

सोमवारी, ३१ ऑगस्टला मात्र सगळं फिसकटलं. माझा डाऊ खऱ्या डाऊपेक्षा दोन हजारांहून जास्त अंकांनी खाली! त्या दिवशी ॲपलच्या एका शेअरचे चार झाले, म्हणजे ४९९.२३ चा भाव १२४.८१ झाला, एवढं कळतंय. ते दुरुस्त कसं करायचं हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. त्या सोमवारी ॲपल ३.४ टक्के चढून १२९.०४ ला बंद झाला. शुक्रवारपर्यंत डाऊमधला सगळ्यात वजनदार शेअर तोच होता. तरी डाऊ २२४ अंकांनी पडला. स्प्लिटमुळे कंपनीच्या किमतीत काही फरक पडत नाही असं जिथे तिथे वाचलंय. मग ॲपलच्या चढण्याचं झालं काय?

---

शेअरपंडित

यात कोडं काहीच नाही. स्प्लिट झाला की भाजक बदलतात. निर्देशांक जिथे होता तिथेच राहतो. स्प्लिटचा परिणाम शून्य. डाऊ असो नाहीतर एस अँड पी ५००, दोन्हीकडे सारखंच. २२४ अंक पडला तो बाकीच्या शेअरमुळे पडला असेल.

---

जुना_खातेदार

मला हा विषय नीट माहीत आहे, कारण मी भोगलाय. माझ्याकडचा एक शेअर सकाळी ॲपमध्ये उणे ८० टक्के लाल दिसला. हात थरथरले. जे होतं ते विकून टाकलं. संध्याकाळी कळलं की एकाचे पाच झाले होते आणि वाढीव शेअर खात्यात यायला दोन दिवस लागणार होते. तेव्हा ताई, तुमचा डाऊ दोन हजारांनी पडला तो असाच. घाबरून विकू नका.

---

रेवा_म

काका, मी काही विकत नाहीये, फक्त आकडे जुळवतेय 😀 पण तुमचं वाचून वाईट वाटलं.

@शेअरपंडित, भाजक बदलतो हे पटलं. पण किती बदलतो? आणि परिणाम शून्य असेल तर ॲपलच्या ३.४ टक्क्यांनी डाऊला नेमके किती अंक मिळाले, तेही सांगा की.

---

वि_दा

रेवाताई, प्रश्न चांगला आहे. मी काही वर्षं निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांचे हिशोब बघायचो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी शुक्रवारची स्थिती बघा. भाजक ०.१४५८ म्हणजे तीसपैकी कुठलाही शेअर एक डॉलर हलला की डाऊ १ भागिले ०.१४५८, म्हणजे साधारण ६.८६ अंक हलणार. कुठलाही. कंपनी केवढी आहे याच्याशी संबंध नाही. भावावर वजन ठरणं ते हेच. बेरजेत ४,१७७.७ पैकी ४९९.२३ ॲपलचे, म्हणून ॲपलचं वजन जवळजवळ १२ टक्के.

आता रात्रीतून ॲपल १२४.८१ झाला. बेरजेतून ३७४.४२ डॉलर गळाले, उरले ३,८०३.३. जुन्याच भाजकाने भागलं तर २६,०८६ येतात. तुमचे अडीच हजार अंक इथे गेले. खरं तर बाजारात कोणीही एक पैसा हरलेला नाही. म्हणून असा भाजक शोधायचा की ३,८०३.३ ला भागल्यावरही २८,६५४ च यावेत. जुना भाजक घ्या, नव्या बेरजेने गुणा, जुन्या बेरजेने भागा. उत्तर ०.१३२७. रविवार ते सोमवार या उडीत निर्देशांक जागचा हलत नाही. इथपर्यंत शेअरपंडितांचं बरोबर आहे.

पण पुढे काय? भाजक बदलला तरी ॲपलचा १२४.८१ हा भाव तसाच राहिला. ३,८०३ मध्ये १२५ म्हणजे ३.३ टक्के. शुक्रवारी १२ टक्के वजन असलेला शेअर सोमवारी सव्वातीन टक्क्यांवर आला. कंपनी तीच, धंदा तोच, बाजारमूल्य तेच. आकडा जागेवर राहिला, पण तो आकडा ज्या टोपलीचा आहे ती टोपली बदलली. परिणाम त्या क्षणी शून्य, त्यानंतर रोज.

---

शेअरपंडित

ठीक, वजन बदलतं हे मान्य. शब्दात पकडलंत 🙂 पण बाकी २९ शेअरचं वजन वाढलं ना? म्हणजे बरोबरी झाली.

---

रेवा_म

वि_दा, खूप आभार. लगेच ०.१३२७ टाकून पाहिलं. आता माझा सोमवारचा डाऊ खऱ्याच्या जवळ येतोय, पण तंतोतंत जुळत नाही. शिवाय अधिकृत भाजक त्या दिवसापासून ०.१५२० दिसतोय. म्हणजे खाली जायच्या ऐवजी वर गेलाय! माझं कुठे चुकतंय?

---

वि_दा

तुमचं काहीच चुकलेलं नाही. तुमची यादी जुनी आहे. त्याच सोमवारी डाऊमधून एक्झॉनमोबिल, फायझर आणि रेथिऑन गेले आणि सेल्सफोर्स, ॲमजेन, हनीवेल आले. जाणाऱ्या तिघांचे भाव मिळून दीडशे डॉलरच्या आत, येणाऱ्या तिघांचे सातशेच्या आसपास. बेरीज एकदम वाढली, ती गिळायला भाजकही वाढला. स्प्लिटने भाजक खाली ओढला, अदलाबदलीने वर ढकलला, आणि दोन्ही मिळून ०.१५२० वर थांबला.

हा योगायोग नव्हता. ॲपलने स्प्लिट जाहीर केला ३० जुलैला. तीन आठवड्यांनी निर्देशांक चालवणाऱ्यांनी ही अदलाबदल जाहीर केली आणि कारणही सांगितलं: ॲपलच्या स्प्लिटमुळे तंत्रज्ञान क्षेत्राचं वजन घटणार आहे, ते काही अंशी भरून काढायचं आहे. विचार करा, एका कंपनीने आपल्या शेअरचे तुकडे केले म्हणून एक्झॉनमोबिलसारख्या जुन्या तेल कंपनीला बाहेर पडावं लागलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सोमवारी ॲपल ४.२३ डॉलर वाढला. भागिले ०.१५२० केलं की साधारण २८ अंक. स्प्लिट झाला नसता तर ४९९.२३ वर तेच ३.४ टक्के म्हणजे १६.९२ डॉलर, भागिले ०.१४५८, म्हणजे ११६ अंक. तुमचं हरवलेलं चढणं इथे आहे.

---

सावळागोंधळ

वि_दा, हा शेवटचा हिशोब मला खटकतोय. २८ काढताना नवी यादी वापरलीत आणि ११६ काढताना जुनी. तुलना करायची तर कंपन्यांची अदलाबदल दोन्हीकडे धरायला हवी. नवी यादी पण ॲपलचा स्प्लिट नाही असं धरलं, तर बेरीज होते ४,७२९ च्या आसपास आणि भाजक ०.१६५. मग १६.९२ डॉलरचे अंक १०३ होतात. म्हणजे स्प्लिटमुळे गेले ते ७५ अंक. ८८ नाहीत.

---

वि_दा

अगदी बरोबर. घाईत लिहिलं. १०३ विरुद्ध २८ हीच खरी तुलना. म्हणजे स्प्लिट झाला नसता तर त्या दिवशी डाऊ २२४ ऐवजी १५० अंकांच्या आसपास पडला असता. धन्यवाद.

---

मीनल.क

वाचतेय, मजा येतेय. पण एस अँड पी ५०० चं काय झालं त्या दिवशी? तिथेही ॲपल होताच की. तिथे हे भाजकाचं नाटक होत नाही का?

---

सावळागोंधळ

तिथेही भाजक असतो, पण स्प्लिटला तो ढिम्म हलत नाही. कारण तिथे बेरीज भावांची नसते, भाव गुणिले शेअरसंख्या अशी असते. ॲपलचे तेव्हा साधारण ४२८ कोटी शेअर होते. गुणिले ४९९ केलं की दोन लाख कोटी डॉलरच्या थोडं वर. स्प्लिटनंतर शेअर झाले १,७१० कोटींच्या घरात आणि भाव १२५. गुणाकार तोच. एका बाजूला चारने भागलं, दुसऱ्या बाजूला चारने गुणलं, बेरजेला पत्ताच लागत नाही. वजन शुक्रवारी जेवढं, सोमवारी तेवढंच.

तिथे भाजक बदलतो तो वेगळ्या कारणांनी. कंपनीने नवे शेअर विकले, बाजारातून परत विकत घेतले, यादीत कोणी आलं किंवा गेलं की. एक बारकावा मात्र आहे. शेअरसंख्या धरताना प्रवर्तकांकडचे किंवा सरकारकडचे अडकलेले शेअर वगळतात आणि बाजारात फिरणारेच मोजतात. एस अँड पी ५०० मध्ये असंच आहे, सेन्सेक्स आणि निफ्टीमध्येही. पण स्प्लिटने तेही सगळे त्याच पटीत वाढतात, त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.

---

जुना_खातेदार

म्हणजे माझ्या शेअरचा स्प्लिट झाला तेव्हा निर्देशांक पडला नव्हता तो यामुळे? मी तेव्हा म्हणत होतो, एवढा मोठा शेअर ८० टक्के पडला आणि निर्देशांक हिरवा कसा. त्याच वेळी शंका यायला हवी होती.

---

मीनल.क

काका, ही खूण खरंच उपयोगाची आहे. शेअर एकदम निम्म्यावर, पाचव्या भागावर, दहाव्या भागावर असा पूर्णांकात तुटलेला दिसला आणि बाकी बाजार शांत असला, तर आधी स्प्लिट किंवा बोनस बघायचा.

---

वि_दा

शेअरपंडितांच्या ‘बरोबरी झाली’ या मुद्द्यावर यायचं राहिलं. बरोबरी कागदावर होते. ती प्रत्यक्षात कशी करावी लागते ते फंडाच्या बाजूने बघा.

समजा फंड हुबेहूब डाऊसारखा चालतो. अशा फंडाकडे प्रत्येक कंपनीचे सारखे शेअर असतात. प्रत्येकी १,००० धरा. स्प्लिटनंतर ॲपलचे ४,००० झाले, बाकीच्यांचे १,००० च. आता पुन्हा सगळे सारखे करायचे आहेत आणि बाहेरून पैसा आणायचा नाही. मधली अदलाबदल बाजूला ठेवून फक्त स्प्लिटचा हिशोब केला तर प्रत्येकी साधारण १,०९८ शेअर हवेत. हा आकडा म्हणजे जुना भाजक भागिले नवा भाजक, गुणिले १,०००. म्हणजे ॲपलचे जवळजवळ २,९०० शेअर विकायचे आणि त्या पैशात उरलेल्या २९ कंपन्यांचे प्रत्येकी ९८ घ्यायचे. ॲपलमधली ७२ टक्के गुंतवणूक विकायची! कंपनीबद्दल कुठलीही बातमी नसताना.

एस अँड पी ५०० वर चालणाऱ्या फंडाने त्या दिवशी ॲपलच्या स्प्लिटसाठी काय केलं? काही नाही. खात्यात शेअरची संख्या चौपट झालेली बघितली आणि चहा प्यायला.

---

शेअरपंडित

आता पटलं. पण मी उलटा मुद्दा मांडतो. हे चांगलंच आहे की! शेअर खूप चढला की कंपनी स्प्लिट करते. डाऊ आपोआप त्यातला नफा काढून इतरांमध्ये वाटतो. बाजारमूल्यावर चालणारे निर्देशांक मात्र चढलेल्यालाच डोक्यावर घेऊन बसतात. कोण शहाणा?

---

सावळागोंधळ

नफा काढायची वेळ बाजार ठरवतोय की कंपनीचं संचालक मंडळ? तुमच्या म्हणण्यात गोम ती आहे. दोन सारख्या कंपन्या धरा, दोन्ही पाचपट वाढल्या. एकीने स्प्लिट केला, दुसरीला भाव उंच ठेवायची हौस आहे. डाऊ पहिलीला उतरवणार आणि दुसरीला मखरात बसवणार. याला शिस्त कशी म्हणायची?

त्याच सोमवारचं उदाहरण घ्या. ॲपल खाली गेल्यावर डाऊमधला सगळ्यात वजनदार शेअर झाला युनायटेडहेल्थ, भाव तीनशे डॉलरच्या थोडा वर. बाजारमूल्याने ॲपल तिच्या सातपट वगैरे होता. पण डाऊमध्ये युनायटेडहेल्थचं वजन ॲपलच्या अडीचपट.

---

शेअरपंडित

मान्य, वेळ कोणीतरी तिसराच ठरवतो. तरी बाजारमूल्यवाल्यांकडे दोन-चार कंपन्याच अख्खा निर्देशांक ओढतात, त्याचं काय?

---

वि_दा

ओढणं तर डाऊमध्येही होतं. स्प्लिट जाहीर झाला त्या ३० जुलैला ॲपल ३८४.७६ होता. २८ ऑगस्टला ४९९.२३. मधल्या काळात वाढ ११४ डॉलर, गुणिले ६.८६, म्हणजे ७८५ अंक. त्याच काळात डाऊ २६,३१४ वरून २८,६५४ वर गेला, म्हणजे २,३४० अंक. महिनाभरातल्या वाढीपैकी एक तृतीयांश एकट्या ॲपलची. आणि ज्या सोमवारपासून स्प्लिट लागू झाला त्या दिवसापासून ही ताकद संपली. चढताना पूर्ण वजन, नंतर चतुर्थांश.

यात शेअरपंडितांच्या बाजूचंही निघतं. पुढे ॲपल पडला असता तर डाऊला त्याचा मार कमी बसला असता. फायदा की तोटा हे पुढच्या भावावर अवलंबून. भावावर वजन देण्याची पद्धत नेहमी मागे पडते असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की वजन कशामुळे बदललं याचं उत्तर देता यायला हवं, आणि इथे उत्तर ‘शेअरचे तुकडे केले म्हणून’ एवढंच आहे.

---

तळटीप_हवी

उशिरा आलो. भावावर चालणारे सगळेच निर्देशांक स्प्लिटला असे वागत नाहीत, हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. जपानचा निक्केई २२५ सुद्धा भावावरच चालतो. पण तिथे प्रत्येक शेअरच्या भावाला स्वतंत्र गुणक असतो. मोठा स्प्लिट झाला की भाजकाला हात न लावता त्या शेअरचा गुणक वाढवतात. २०२३ मध्ये फास्ट रिटेलिंगने एकाचे तीन केले, टोकियो इलेक्ट्रॉननेही केले. भाव तिसऱ्या भागावर, गुणक तिप्पट, वजन होतं तिथेच.

म्हणजे दोष भावावर वजन देण्याचा वेगळा आणि स्प्लिटनंतर भाजक बदलण्याचा वेगळा.

---

वि_दा

वा. हे मी सांगायला हवं होतं. पण त्याचीही एक किंमत आहे. वजन टिकवलं की चढलेला शेअर वजनदारच राहतो. फास्ट रिटेलिंगचं वजन इतकं वाढत गेलं की निक्केईला कमाल वजनाची मर्यादा घालून गुणक कापण्याची वेगळी सोय करावी लागली. डाऊमध्ये हेच काम स्प्लिट करतो, बिनबोलता. आंधळेपणाने, पण करतो.

---

सावळागोंधळ

आणि स्प्लिट न करणाऱ्याला डाऊ दारात उभं करत नाही, हेही लिहून ठेवतो. ॲमेझॉनचा भाव २०२१ मध्ये तीन हजार डॉलरच्या वर होता. तेव्हा तीस शेअरची मिळून बेरीज पाच हजारांच्या थोडी वर. एका कंपनीला घेतलं असतं तर तिचं एकटीचं वजन एक तृतीयांशाहून जास्त झालं असतं. जून २०२२ मध्ये ॲमेझॉनने एकाचे वीस केले, मगच फेब्रुवारी २०२४ मध्ये आत घेता आलं. तेही कधी? वॉलमार्टने एकाचे तीन केले तेव्हा. एन्व्हिडियाचंही तसंच: जून २०२४ मध्ये एकाचे दहा, नोव्हेंबरमध्ये इंटेलच्या जागी प्रवेश.

---

मीनल.क

म्हणजे ॲमेझॉन इतकी वर्षं एस अँड पी ५०० ओढत होता आणि डाऊला तो माहीतच नव्हता, केवळ भाव मोठा म्हणून! हे जरा हास्यास्पद आहे.

अवांतर: उलटं झालं तर? दहा शेअर मिळून एक केला तर वजन दहापट?

---

सावळागोंधळ

डाऊच्या पद्धतीने, हो. भाजक बदलून आकडा जागेवर ठेवतील, पण त्या शेअरचा एक टक्का पूर्वीच्या साधारण दहापट अंक हलवेल. अर्थात भाव इतका घसरलेली कंपनी तोवर यादीत टिकलेली असायला हवी.

---

रेवा_म

सगळ्यांचे आभार. नवी यादी आणि ०.१५२० घालून पाहिलं. सोमवारचा आकडा जुळला, पुढचे पाच दिवसही जुळले.

आता एकच अडकलंय. डिव्हिडंडच्या दिवशी भाव खाली येतो तेव्हा मी भाजक बदलत नाहीये आणि तरीही उत्तर जुळतंय. स्प्लिटला भाजक बदलतात, मग डिव्हिडंडला का नाही? दोन्हीत भाव कंपनीच्या निर्णयानेच उतरतो ना?

---

वि_दा

नेहमीच्या डिव्हिडंडला बदलत नाहीत. तो पैसा खरोखर कंपनीतून बाहेर गेलेला असतो, त्यामुळे भावातली घट खरी धरतात. एकरकमी खास डिव्हिडंड असेल तर मात्र बदलतात. तिथे पैसा खराच बाहेर जातो, तरी बदलतात.

---

शेअरपंडित

मग खास आणि नेहमीचा यात रेषा कोण ओढतं? तुमचा तो ‘पैसा बाहेर गेला’ निकष तर दोन्हीला लागू होतो.

---

वि_दा

होतो. म्हणूनच तिथे माझाही तर्क लंगडा पडतो. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.